वायर जळते ती स्क्रूपाशी

चाळीसेक वर्षं जुन्या इमारतींत एक तक्रार हमखास ऐकू येते. बाथरूमबाहेरचा गीझरचा स्विच तपकिरी पडतो, कडेचं प्लास्टिक मऊ होऊन सुरकुततं आणि जवळ गेलं की जळका वास येतो. इलेक्ट्रिशियन येतो, नवा स्विच बसवतो. काही महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. या सगळ्या काळात एमसीबी एकदाही पडलेला नसतो. म्हणजे शॉर्टसर्किट नाही, गीझरही ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत नाही. मग प्लास्टिक वितळवणारी उष्णता येते कुठून? आणि सुरक्षेसाठी बसवलेला एमसीबी तिच्याकडे काणाडोळा का करतो?

अशा घरांत स्विचचा चौकोन उघडून पाहिला, तर पुष्कळदा स्क्रूखाली चंदेरी वायर दिसते. ती अॅल्युमिनियमची. एकेकाळी आपल्याकडे घरोघरी हीच वायर पडत असे. तांबं देशात पुरेसं निघत नव्हतं, ते परकीय चलन मोजून आणावं लागे, उलट अॅल्युमिनियमचं कच्चं खनिज बॉक्साइट भारतात भरपूर होतं. शिवाय त्या घरांत चार दिवे, दोन पंखे, एक रेडिओ आणि फार तर एक इस्त्री. त्या भाराला ती वायर पुरून उरली. आता त्याच वायरवर गीझर, मायक्रोवेव्ह आणि एसी आले आहेत.

उष्णता पसरते, उष्णता साचते

कोणतीही वायर विजेच्या प्रवाहाला थोडा अडथळा करते. या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. रोधातून प्रवाह गेला की उष्णता तयार होते. किती, ते काढायचं साधं गणित असं: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. उत्तर वॅटमध्ये मिळतं.

आता २००० वॅटचा गीझर घेऊ. २३० व्होल्टवर तो सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. मीटरच्या बोर्डापासून गीझर १५ मीटरवर आहे असं धरलं, तर जाणारी आणि परत येणारी मिळून ३० मीटर वायर झाली. ही वायर तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा एकूण रोध साधारण ०.२४ ओहम भरतो. त्यात तयार होणारी उष्णता १८ वॅट. पण हे १८ वॅट ३० मीटरभर पसरलेले असतात, म्हणजे एका मीटरला जेमतेम ०.६ वॅट. भिंत ते सहज पचवते, वायरला हात लावला तरी फारसं जाणवणार नाही.

तेवढ्याच जाडीच्या अॅल्युमिनियम वायरचा रोध त्याच लांबीत ०.३६ ओहमच्या आसपास असतो. उष्णता २७ वॅट, मीटरला ०.९ वॅट. तांब्यापेक्षा दीडपट, हे खरं. पण एवढ्यानं प्लास्टिक वितळत नाही. अॅल्युमिनियमची वायर भिंतीत कमी वीज वाहते म्हणून जळते ही समजूत इथे कोसळते. अडचण फक्त रोधाची असती, तर एक माप जाड वायर टाकून ती सुटली असती. भारतीय मानकातल्या तक्त्यात हे स्वच्छ दिसतं: ४ चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमला जितका रोध चालतो, नेमका तितकाच २.५ चौरस मिलिमीटरच्या पीळदार तांब्याला चालतो. दोन्हींचा आकडा किलोमीटरला ७.४१ ओहम.

आता स्क्रूखालच्या सांध्याकडे येऊ. तो थोडा सैल झाला, मधे मळ साठला आणि त्या एका बिंदूपाशी एक तृतीयांश ओहम रोध तयार झाला असं समजू. त्याच ८.७ अँपिअर प्रवाहानं तिथे सुमारे २५ वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातात जी छोटी सोल्डरिंगची इस्त्री असते, तीही २५ वॅटचीच. तिचं टोक तीनशे अंशांच्या वर जातं, कारण सगळी उष्णता एका लहानशा जागी कोंडलेली असते. स्विचच्या पोटात, चारही बाजूंनी बंद प्लास्टिकमध्ये, अशी एक इस्त्री रोज सकाळी अर्धा तास चालू राहते.

एमसीबीचं मौनही यातूनच उलगडतं. तो प्रवाह मोजतो, उष्णता नाही. सांधा सैल झाल्यानं प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल असतं. गळणारी वीज ओळखणारा आरसीसीबीसुद्धा इथे काही करू शकत नाही, कारण जमिनीकडे काहीही गळत नसतं.

स्क्रूखाली काय घडतं

असा सांधा तांब्याचाही सैल होऊ शकतो. स्क्रू नीट आवळला नाही तर तांबंही जळतं. पण अॅल्युमिनियमचा सांधा नीट आवळलेला असला तरी हळूहळू बिघडतो, आणि त्याला एकमेकांना हातभार लावणारी कारणं आहेत.

पहिलं कारण वरच्या सालीचं. अॅल्युमिनियम सोललं की काही क्षणांतच हवेतला ऑक्सिजन त्यावर एक पातळ, घट्ट थर बनवतो. हा अॅल्युमिनियम ऑक्साइड विजेला जवळजवळ पूर्ण अडवतो. भांड्याला तो गंजण्यापासून वाचवतो, पण वायरच्या टोकाला तोच अडसर ठरतो. तांब्यावरही काळपट थर चढतो, मात्र तो इतका चिवट अडथळा करत नाही आणि स्क्रूच्या दाबाखाली सहज फुटतो.

दुसरं कारण मऊपणाचं. सतत दाबाखाली असलेलं अॅल्युमिनियम अगदी मंद गतीनं बाजूला सरकत राहतं. आज स्क्रू घट्ट आवळला तरी वर्षभरानं त्याखालची वायर चपटी झालेली असते आणि दाब उतरलेला असतो. स्क्रू फिरलेला नसतो, वायरच त्याच्याखालून निसटलेली असते.

तिसरं कारण तापण्या-निवण्याचं. तापमान वाढलं की अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त फुगतं. ज्या पितळी किंवा लोखंडी स्क्रूत ते पकडलेलं असतं, त्यांच्यापेक्षाही ते जास्त फुगतं. गीझर चालू झाला की वायर फुगते, पण स्क्रू तिला जागा देत नाही, म्हणून मऊ धातू बाजूला दाबला जातो. गीझर बंद झाला की वायर आकसते आणि बारीकशी फट उरते. त्या फटीत हवा शिरते, उघड्या पडलेल्या धातूवर नवा ऑक्साइड बसतो, रोध वाढतो. दुसऱ्या दिवशी सांधा कालच्यापेक्षा थोडा जास्त तापतो, म्हणून जास्त फुगतो, म्हणून जास्त सैल होतो. हे चक्र रोज फिरतं. म्हणूनच दिव्याच्या स्विचपाशी तीस वर्षं टिकलेली वायर गीझरच्या स्विचपाशी दोन वर्षांत गुडघे टेकते.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत यात आणखी एक भर पडते. पितळ किंवा तांबं आणि अॅल्युमिनियम यांच्या मधे ओलावा आला की तिथे एक नकळत विद्युतघट तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी दिसली की ही झीज सुरू आहे असं समजावं.

अमेरिकेनं मोजलेली किंमत

याचा सगळ्यात मोठा अनुभव अमेरिकेनं घेतला. तिथे १९६५ च्या सुमारास तांबं महागलं आणि बांधकाम कंपन्या घरातल्या साध्या सॉकेटपर्यंत अॅल्युमिनियम नेऊ लागल्या. १९७३ पर्यंत सुमारे २० लाख घरांत अशी वायर पडली. पुढे सांधे जळण्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आगी लागल्या. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं या घरांची तपासणी करवून घेतली. १९७२ पूर्वी अॅल्युमिनियमनं वायरिंग केलेल्या घरात निदान एखादा सांधा आग लागण्याइतका धोकादायक होण्याची शक्यता तांब्याच्या घराच्या ५५ पट आहे, असा निष्कर्ष निघाला. नंतर कमी सरकणारे मिश्रधातू आले, खास सॉकेट आली, पण घरातल्या लहान मापाच्या वायरिंगसाठी अॅल्युमिनियमचं नाव तिथे पुन्हा वर आलं नाही.

मग रस्त्यावरच्या खांबांवर आजही अॅल्युमिनियमच का? तिथे हिशोब उलटा असतो. एकसारखा रोध हवा असेल तर अॅल्युमिनियमची वायर तांब्यापेक्षा सुमारे दीडपट ते पावणेदोनपट काटछेदाची घ्यावी लागते, पण वजन निम्मंच भरतं. दोन खांबांच्या मधे लटकणाऱ्या तारेसाठी हे वरदान आहे. शिवाय तिथले सांधे थोडे असतात आणि ते यंत्रानं दाबून बसवलेले असतात. खांबापासून मीटरपर्यंत येणारी जाड केबलही पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते आणि योग्य लग दाबून बसवलेली असेल तर ती वर्षानुवर्षं त्रास देत नाही. दोन खोल्यांच्या घरात मात्र स्विच, सॉकेट, सीलिंग रोज आणि जंक्शन मिळून शंभर-सव्वाशे स्क्रू सहज होतात. त्यातला एक सैल झाला तरी पुरे. घराच्या भिंतींच्या आत तांबंच असावं, असा निकाल त्यावरून द्यावा लागतो.

जुनी वायर लगेच काढता येत नसेल तर

सगळं घर पुन्हा वायरिंग करणं प्रत्येकाला जमत नाही. अशा वेळी मोठ्या भाराच्या जागांपासून सुरुवात करावी. गीझर, एसी, स्वयंपाकघरातले पॉवर पॉइंट आणि वॉशिंग मशीन यांच्यासाठी मुख्य बोर्डापासून थेट नवी तांब्याची वायर ओढून घ्यावी. दिवे आणि पंख्यांची जुनी वायर काही काळ राहू शकते, पण तिचा प्रत्येक सांधा जाणकार इलेक्ट्रिशियनकडून मुख्य स्विच बंद करून उघडून पाहून घ्यावा. टोक काळं किंवा चपटं झालं असेल तर तेवढं कापून नवं टोक सोलून बसवावं.

एक गोष्ट मात्र होऊ देऊ नये. जुन्या अॅल्युमिनियमच्या टोकाला नवी तांब्याची वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणं ही दुरुस्ती अजूनही सर्रास केली जाते. अॅल्युमिनियमचे सगळे दोष या एका पिळ्यात एकत्र येतात, आणि टेपखाली ते दिसतही नाहीत. दोन धातू जोडायचेच असतील तर दोन्हींसाठी बनवलेला जोडक मिळतो, तोच वापरावा.

पंखा चालू करताना दिवा लुकलुकणं, स्विचमधून बारीक चरचर ऐकू येणं, चालू सॉकेटचं झाकण कोमट लागणं, या खुणा दिसल्या तर तो पॉइंट त्याच दिवशी बंद करावा.

रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही

भारतात भिंतीतल्या वायरिंगचे रूढ रंग असे: लाल, पिवळा आणि निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा किंवा हिरवा-पिवळा अर्थिंग. सिंगल फेजच्या घरात बहुधा लाल, काळा आणि हिरवा एवढेच दिसतात. तीन फेजचं कनेक्शन असलेल्या घरात एका खोलीत लाल, दुसरीत पिवळा, तिसरीत निळा फेज येऊ शकतो.

घोळ सुरू होतो तो उपकरणांच्या दोऱ्यांपाशी. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन यांच्या लवचिक दोऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनं येतात: तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थिंग. म्हणजे प्लगमधला निळा न्यूट्रल आणि भिंतीतला निळा फेज. एखादा पॉइंट थेट जोडताना निळ्याला निळा जुळवला, तर रंग जुळतात आणि जोडणी चुकते. परदेशी गेलेल्यांनी तर आणखी जपावं. अमेरिकेत काळी वायर जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे निर्धोक मानलेला रंग तिथे झटका देणारा आहे. ब्रिटननं आपल्यासारखेच लाल-काळे रंग वापरले होते, पण २००४ पासून तिथल्या नव्या वायरिंगमध्ये तपकिरी आणि निळा आले. त्यामुळे एकाच ब्रिटिश घरात दोन्ही जोड्या सापडू शकतात.

रंग म्हणजे वायर टाकणाऱ्यानं दिलेला शब्द. तो पाळला आहे की नाही, हे टेस्टर किंवा मीटरनंच कळतं. लाल वायर कमी पडली म्हणून शेवटच्या खोलीत काळीच ओढणारे कारागीर आहेत. दिव्याचा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवला, तर स्विच बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच असते. बल्ब बदलताना झटका बसतो तो अशा घरांत.

काळी वायर खरोखर न्यूट्रल असली तरी ती कायम निर्धोक नसते. कुठेतरी न्यूट्रल तुटला आणि पलीकडे एखादा पंखा चालू राहिला, तर त्या पंख्यातून वीज काळ्या वायरपर्यंत येऊन थांबते. हात लावणाऱ्याला ती पूर्ण जोरानं लागते. म्हणून रंग पाहून नव्हे, मुख्य स्विच बंद करून आणि वायर तपासूनच हात घालावा.

नवं वायरिंग करून घेताना प्रत्येक रंगाच्या कॉइल आधीच मोजून आणाव्यात. हिरवी वायर अर्थिंगशिवाय कुठेही वापरायची नाही, हे कारागिराला पहिल्याच दिवशी सांगावं. पूर्ण झाल्यावर कोणता रंग कुठे गेला याचा कागद बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवला, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक कारागिराचं काम सोपं होतं.

कॉइल हातात घेतल्यावर

दुकानात लोक "अडीच एमएम" मागतात. हा आकडा व्यासाचा नसतो, तो तांब्याच्या काटछेदाचं क्षेत्रफळ सांगतो, चौरस मिलिमीटरमध्ये. व्यास आणि क्षेत्रफळ यांच्या या नात्यातच फसवणुकीला वाव मिळतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या लवचिक वायरमध्ये साधारणपणे ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात. ग्राहक तारा मोजतो, ३६ भरतात, समाधान होतं. पण प्रत्येक तार ०.३ ऐवजी ०.२७ मिलिमीटरची केली, तर डोळ्याला काहीच कळत नाही आणि तांबं मात्र १९ टक्के कमी होतं. कारण व्यास दहा टक्क्यांनी घटला की क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या हिशोबानं घटतं.

आधी छापील मजकूर पाहावा. घरगुती पीव्हीसी वायरसाठी आयएस ६९४ हे भारतीय मानक आहे आणि २००३ च्या सरकारी आदेशानं अशा वायरला आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. चिन्हाजवळ सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवान्याची स्थिती दिसते. नाव जुळलं नाही तर ती कॉइल तिथेच ठेवावी. नुसतं वेष्टनावरचं चिन्ह पुरेसं नाही, वायरच्या अंगावरही कंपनीचं नाव, माप आणि चिन्ह छापलेलं असतं. ओल्या बोटानं घासून ते पुसलं जात असेल तर शंका घ्यावी.

खरी परीक्षा तराजूवर होते. संपूर्ण कॉइलचं वजन फसवू शकतं, कारण तांबं कमी करून वरचं प्लास्टिक जाड करता येतं किंवा त्यात खडूची भुकटी जास्त घालून ते जड करता येतं. म्हणून नेमकी एक मीटर वायर कापावी, सगळं प्लास्टिक सोलावं आणि फक्त तांब्याच्या तारा सोनाराच्या काट्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवाव्यात. तांब्याचं एक घनसेंटिमीटर जवळपास ८.९ ग्रॅम भरतं. २.५ चौरस मिलिमीटरच्या एका मीटरमध्ये २.५ घनसेंटिमीटर तांबं, म्हणजे सुमारे २२ ग्रॅम.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. मानक क्षेत्रफळ मोजत नाही, ते रोधाची मर्यादा घालतं. लवचिक २.५ च्या वायरला २० अंश तापमानाला किलोमीटरमागे ७.९८ ओहमपेक्षा जास्त रोध चालत नाही. तांबं अगदी शुद्ध असेल तर ही मर्यादा थोड्या कमी तांब्यातही पाळता येते. त्यामुळे प्रामाणिक वायरही १९ ते २० ग्रॅमपर्यंत उतरू शकते. १९ च्या खाली गेली तर मात्र ती २.५ म्हणून विकण्याच्या लायकीची नाही.

> दुकानात नेण्यासाठी टिपण
>
> २.५ चौ. मिमी., लवचिक तांबं: सोललेला एक मीटर १९ ते २२ ग्रॅम, ९० मीटरच्या कॉइलचा रोध २० अंशांना जास्तीत जास्त ०.७२ ओहम, तीस अंशांच्या खोलीत ०.७५ ओहम.
>
> १.५ चौ. मिमी., लवचिक तांबं: सोललेला एक मीटर ११.५ ते १३.५ ग्रॅम, ९० मीटरच्या कॉइलचा रोध २० अंशांना जास्तीत जास्त १.२ ओहम, तीस अंशांच्या खोलीत १.२५ ओहम.

वजनात सगळ्यात ठळकपणे पकडली जाते ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर. स्वस्त बाजारात ती तांब्याच्या नावानं खपते. बाहेरून रंग तंतोतंत तांब्याचा, पण आत चंदेरी गाभा. दहावा हिस्सा तांबं असलेल्या अशा वायरचा २.५ चा एक मीटर अवघा आठ-साडेआठ ग्रॅम भरतो. काटा जवळ नसेल तर एक तार ब्लेडनं तिरकी खरवडावी, तांबूस रंगाखाली पांढुरकी चमक दिसली की ओळख पटली. पुष्कळजण लोहचुंबक लावून पाहतात, पण त्याचा इथे उपयोग नाही. चुंबक फक्त मुलाम्याखालचं लोखंड पकडतं, अॅल्युमिनियम त्याला दाद देत नाही. ही वायर साध्या अॅल्युमिनियमपेक्षाही घातक ठरू शकते, कारण इलेक्ट्रिशियन तिला तांबं समजून तांब्यासारखीच जोडतो.

मल्टिमीटर असेल तर कॉइलची दोन्ही टोकं सोलून रोधही मोजता येतो. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवाव्यात. त्या वेळी दिसणारा आकडा, उदाहरणार्थ ०.३, हा मीटरच्या स्वतःच्या वायरांचा असतो आणि तो नंतरच्या आकड्यातून वजा करायचा. २.५ च्या पूर्ण कॉइलला उरलेला आकडा ०.६ ते ०.८ च्या मधे यायला हवा. १ किंवा त्याहून जास्त आला तर धातूत किंवा जाडीत खोट आहे. साधा मीटर ओहमच्या दहाव्या भागापर्यंतच दाखवतो, त्यामुळे पाच-सात टक्क्यांची चोरी त्यात सापडणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतलं उपकरण लागतं. मोठी लबाडी मात्र हा मीटर लपू देत नाही.

आकडा बरोबर आला तरी लांबी तपासायची राहते, कारण कॉइल आखूड असली तर रोध कमीच भरतो आणि माल चांगला असल्याचा भास होतो. बऱ्याच कंपन्या वायरवर दर मीटरला आकडा छापतात. पहिला आणि शेवटचा आकडा वाचावा आणि मधल्या दोन आकड्यांतलं अंतर एकदा टेपनं मोजून पाहावं. आकडे नसतील तर कॉइलच्या मधल्या वेढ्याचा घेर मोजून वेढ्यांच्या संख्येनं गुणावं. उत्तर ढोबळ येतं, पण ९० च्या जागी ८० मीटर भरले असतील तर कळतं.

वरचं आवरणही तितकंच महत्त्वाचं

तांबं खरं असूनही आवरण हलकं असू शकतं. वायर स्वतःच्या जाडीएवढ्या वळणात घट्ट दुमडून पाहावी. दुमडीवर पांढरी रेघ उमटली तर प्लास्टिकमध्ये भराव जास्त आहे आणि ते काही वर्षांत तडकेल. मग तेच टोक धारदार कटरनं आडवं कापून उजेडात धरावं. तांबं बरोबर मध्यावर हवं. २.५ च्या वायरला आवरण सरासरी ०.८ मिलिमीटर असतं. ते एका बाजूला जाड आणि दुसरीकडे कागदासारखं असेल, तर नळीतून ओढताना पातळ बाजू सोलली जाते आणि पावसाळ्यात ओल आली की भिंतीला वीज लागते.

वेष्टनावर एफआर किंवा एफआरएलएस अशी अक्षरं असतात. एफआर म्हणजे ज्योत वायरवरून पुढे सरकू नये म्हणून केलेलं आवरण. एफआरएलएस म्हणजे त्याच्या जोडीला धूर कमी व्हावा म्हणून केलेलं. साधं पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू सोडतं. बंद खोलीत माणूस बहुधा ज्वाळेआधी धुरानं गुदमरतो. म्हणून जिना अरुंद असलेल्या इमारतीत आणि वरच्या मजल्यांवर कमी धुराची वायर घेणं शहाणपणाचं. पण एफआर वायर जळतच नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि सैल सांध्याला या आवरणाचा काहीही उपयोग नसतो.

सगळ्या कॉइल एकदम उचलू नयेत. आधी एकच घ्यावी, बिलावर कंपनी, माप, मीटर आणि परवाना क्रमांक लिहून घ्यावेत, घरी एक मीटर कापून वजन करावं आणि मगच बाकीच्या मागवाव्यात. कापलेली कॉइल बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. मात्र चुकीच्या मालाचा तोटा एका कॉइलवर थांबतो, आणि वायर नळीत जाऊन भिंत लिंपून झाल्यावर ती संधी उरत नाही.